लाइक करून कुणी ओळखत नाही

प्रश्न: "सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, परदेशात नोकरी हवी आहे. अर्ज करण्याआधी कंपन्या फॉलो करा, तिथल्या लोकांच्या पोस्टवर दिसत राहा, असं सगळे सांगतात. दोन महिने लिंक्डइनवर रोज लाइक करतोय, 'ग्रेट पोस्ट' लिहितोय. कुणी ढुंकूनही बघत नाही. नेमकं करायचं काय?"

आधी यादी कापा. मीही पहिल्या खेपेला चाळीस कंपन्या फॉलो केल्या होत्या आणि त्यातली एकही नीट वाचली नव्हती. दुसऱ्या खेपेला सात ठेवल्या. चाळणी एकच लावली: ही कंपनी बाहेरच्या देशातून माणूस आणते का? ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये परदेशी कर्मचारी आणायची परवानगी असलेल्या कंपन्यांची सरकारी यादी कुणालाही ऑनलाइन पाहता येते. पण यादीत नाव आहे म्हणून प्रत्येक पदासाठी व्हिसा देतीलच असं नाही. म्हणून कंपनीच्या पानावर 'People' मध्ये जाऊन आपल्याकडे शिकलेले आणि हल्लीच तिकडे रुजू झालेले लोक सापडतात का, तेही पाहायचे. मला ही खूण यादीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

आता कुणाच्या पोस्टखाली लिहायचं? कंपनीच्या अधिकृत पानावर नको, मोठ्या साहेबाच्या पोस्टवर तर नकोच. तिथे शेकडो कमेंटांत तुमची बुडते. रिक्रूटरच्या 'वुई आर हायरिंग'खाली 'इंटरेस्टेड' लिहिणाऱ्यांचीही रांगच असते. ज्या टीममध्ये तुम्ही बसणार, तिचा लीड किंवा तिथला अनुभवी टेस्टर शोधा. असे लोक महिन्यातून एकदोनदाच लिहितात आणि खाली पाचसात कमेंट असतात, म्हणून प्रत्येक कमेंट ते स्वतः वाचतात. त्यांच्या प्रोफाइलवरची घंटा चालू करून ठेवा, म्हणजे पोस्ट त्याच दिवशी कळेल.

माझं उदाहरण देते. एका लीडने लिहिलं होतं की रात्री चालणाऱ्या टेस्टपैकी दहाबारा रोज फेल होतात आणि सकाळी पुन्हा चालवल्या की पास होतात. मी लिहिलं: "आमच्याकडे हेच व्हायचं. बऱ्याच टेस्ट एकच लॉगिन वापरत होत्या, एका वेळी चालल्या की एकमेकींचा डेटा बिघडवायच्या. प्रत्येकीला वेगळा युजर दिल्यावर प्रकार जवळपास थांबला, पण पूर्ण रन सहा मिनिटांनी लांबला. तुमच्या टेस्ट एकेकट्या चालवल्या तर पास होतात का?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, हो, होतात. त्यात कौतुक नव्हतं, नोकरीचा उल्लेखही नव्हता. केलेलं काम, त्याची किंमत आणि उत्तर देता येईल असा एक प्रश्न, एवढंच होतं. अर्थात आपल्या ऑफिसातली गुपितं त्यात येऊ देऊ नका.

कमेंटमध्ये नावाखाली तुमच्या हेडलाइनचे पहिले काही शब्दच दिसतात. माझ्या तिथे आधी 'पॅशनेट प्रोफेशनल' की असंच काहीतरी होतं, आता आठवूनही लाज वाटते. तिथे 'टेस्ट ऑटोमेशन' आणि तुमचं मुख्य टूल पहिल्यांदा यायला हवं. प्रायव्हेट मोडही बंद करा, नाहीतर त्यांचं प्रोफाइल तुम्ही पाहिलंत तरी तुमचं नाव त्यांना दिसणार नाही.

काम होतंय की नाही, हे 'तुमचं प्रोफाइल कुणी पाहिलं' यात कळतं. कमेंटनंतर दोनतीन दिवसांत त्या कंपनीतलं कुणी तिथे दिसलं तर ठीक. तीनचार कमेंट होऊनही कुणीच नसेल तर माणूस चुकीचा निवडलाय किंवा कमेंट पोकळ आहे.

पाच आठवड्यांत त्या लीडशी असं तीनदा बोलणं झालं आणि मग जागा निघाली. इथे घाई करू नका. पुष्कळ कंपन्यांत तुम्ही स्वतः अर्ज टाकलात की नंतर आतल्या माणसाला तुमचं नाव रेफरलमध्ये घालता येत नाही. म्हणून मी अर्जाआधी चार ओळींचा मेसेज पाठवला: टेस्टबद्दल आपलं बोलणं झालं होतं, ही जागा पाहिली, मला व्हिसा लागेल, या पदासाठी बाहेरून माणूस घेता का? रेफरल मागितलं नाही. "घेतो, मीच नाव देतो," असं त्यानेच कळवलं. नंतरच्या मुलाखतीच्या चारही फेऱ्या मात्र इतरांसारख्याच झाल्या, तिथे ओळखीचा काही उपयोग नव्हता. सातपैकी दुसऱ्या एका कंपनीतही असंच छान बोलणं झालं होतं, पण त्या पदाला व्हिसा नव्हता, विषय संपला. उरलेल्या पाचांतून काहीच आलं नाही.

एक जपा. तुमच्या कमेंट प्रोफाइलवर कुणालाही दिसतात, कधी ओळखीच्यांच्या फीडमध्येही जातात. म्हणजे सध्याचा मॅनेजरही वाचतो. एकाच कंपनीच्या पाच जणांखाली एका आठवड्यात लिहिलंत तर त्याला काय ते समजेल, आणि त्या पाच जणांनाही. महिन्यात एका माणसाखाली दोन कमेंट पुरेत.