शिरोरेषा तुटली तो दोष फॉन्टचा नव्हता

प्रश्न: टी-शर्टच्या मॉकअपवर डिझाइन टाकलं की स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. डिझाइन घड्यांप्रमाणे वाकवणारं डिस्प्लेसमेंट वापरायलाच हवं का? कॉफीच्या मगासाठी आणि फ्रेमसाठीही तेच करायचं का?

टी-शर्टला हवं, पण अगदी थोडं. हे मी एक ऑर्डर गमावून शिकले.

एका छोट्या स्टुडिओत होते तेव्हाची गोष्ट. गणेश मंडळाचे पांढरे टी-शर्ट, छातीवर देवनागरीत मंडळाचं नाव. आमच्या सरांनी शर्टाचाच फोटो ग्रेस्केल केला, मॅप म्हणून तसाच PSD मध्ये सेव्ह केला आणि फोटोशॉपच्या Filter > Distort > Displace मध्ये दोन्ही आकडे 30 टाकले. "इफेक्ट दिसला पाहिजे," म्हणाले. शिरोरेषेच्या पायऱ्या पायऱ्या झाल्या. मंडळाच्या दादांनी विचारलं, "छपाई अशीच वाकडी येणार का?" आणि ते दुसरीकडे गेले. खापर फुटलं माझ्या फॉन्टवर.

फॉन्टचा काही संबंध नव्हता. हा फिल्टर घडी ओळखत नाही, तो फक्त उजेड-अंधार वाचतो. मधला करडा म्हणजे 128 असेल तिथे पिक्सेल जागेवर राहतो. त्याहून उजळ असेल तर एका बाजूला सरकतो, गडद असेल तर उलट बाजूला. आकडा 100 असेल तर तो जास्तीत जास्त 128 पिक्सेल सरकतो, म्हणजे 30 ला सुमारे 38. आमची शिरोरेषा जेमतेम 20 पिक्सेल जाड होती. त्यात मॅप ब्लर केलेला नव्हता, त्यामुळे कापडाची वीण आणि फोटोतला नॉइजसुद्धा घडी म्हणून वाचला गेला.

मी घरी तेच काम पुन्हा केलं. मॅपला Gaussian Blur इतका दिला की वीण पुसली गेली आणि मोठ्या घड्या उरल्या. डिझाइन आधी स्मार्ट ऑब्जेक्ट केलं, मग Displace 8 वर. रेषा घडीपाशी हलकी वळली, तुटली नाही. स्मार्ट ऑब्जेक्टमुळे नाव बदलायचं तर थंबनेलवर डबल क्लिक, आत बदल, सेव्ह. फिल्टर आपोआप पुन्हा लागतो.

आणि स्टिकरपणा खरा जातो तो सावलीने. पांढऱ्या शर्टावर लेयर Multiply करा, घड्यांची सावली अक्षरांतून दिसते. सर ओपॅसिटी 80 करायचे. त्याने रंग फिका पडतो, बाकी काही होत नाही. काळ्या शर्टावर मात्र Multiply नको, पांढरी अक्षरं गायबच होतात. तिथे Normal ठेवून Blend If मध्ये Underlying Layer चा काळा स्लायडर Alt धरून फोडा आणि थोडा सरकवा.

मगाला Warp पुरे, फ्रेमला चारही कोपरे Distort ने जुळवले की झालं. गुळगुळीत पृष्ठभागावर डिस्प्लेसमेंट लावलं तर चमकेच्या जागी डिझाइन उगाच वाकतं.

हो, माझा 8 हा आकडा 3000 पिक्सेल रुंद फोटोचा आहे. 1000 च्या फोटोला 3 पुरतो. शर्ट साधा, एकरंगी हवा, नाहीतर छापील पट्ट्यासुद्धा घड्या समजल्या जातील. शिरोरेषा 100 टक्के झूमवर तपासा. ती सलग वळत असेल तर मॅप बरोबर आहे. पायऱ्या दिसल्या तर ब्लर वाढवा, फॉन्ट बदलू नका.