‘आला म्हणे’ मधलं ‘म्हणे’

प्रश्न: “‘तो आला म्हणे’ यातलं ‘म्हणे’ व्याकरणात नक्की काय आहे? ‘तुका म्हणे’ मधलं तेच का? इंग्रजीत भाषांतर करताना ते गाळलं तर चालतं का?”

रूप तेच आहे, काम मात्र जवळजवळ उलटं. आणि गाळलं तर काय होतं ते मी एकदा करून बसलोय, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनुभवाचं आहे.

‘तुका म्हणे’ मधलं ‘म्हणे’ हे साधं क्रियापद आहे. जुन्या मराठीत वर्तमानकाळ असाच व्हायचा: तो करी, तो जाई, तो म्हणे, अनेकवचनात ते म्हणती. पुढे बोलण्यात त्या जागी ‘म्हणतो’, ‘म्हणतात’ आलं. जुनी रूपं कवितेत राहिली, शिवाय ‘आजी पहाटे उठे, तुळशीला पाणी घाली’ अशा सवयीच्या भूतकाळात. तेव्हा ‘तुका म्हणे’ म्हणजे तुका म्हणतो. कर्ता समोर उभा आहे, बोलणं त्याचं आहे, आणि त्याखाली त्याने आपलं नाव घातलंय. सही केल्यासारखं.

‘तो आला म्हणे’ मध्ये म्हणणारा कोण? कोणीच नाही. ‘तो’ हा ‘आला’चा कर्ता आहे, ‘म्हणे’चा नाही. ‘म्हणे’ला इथे कर्ताच उरलेला नाही, म्हणून ते कशाशी जुळतही नाही. ‘ते आले म्हणे’, ‘पाव्हणे गेले म्हणे’, ‘सगळे म्हणतात ना, म्हणून सांगते, रस्ता होणार म्हणे’. म्हणणारे शंभर असले तरी ‘म्हणती’ होत नाही. क्रियापद गोठलं आणि त्याचं अव्यय झालं. अर्थ एवढाच उरला: ही गोष्ट मी पाहिलेली नाही, माझ्या कानावर आली आहे. सही करायचा शब्दच हात झटकायला वापरला जातो, असं म्हणा हवं तर.

हे खरंच वेगळं अव्यय आहे की नुसतं ‘लोक म्हणतात’चं छोटं रूप, हे तपासायला माझी एक आवडती चाचणी आहे. त्याला ‘मी’ लावून बघा. ‘मी काल जेवलो म्हणे’ हे वाक्य ऐकलं की माणूस काल शुद्धीवर होता का असा प्रश्न पडतो. पण ‘मी लहानपणी फार रडायचो म्हणे’ अगदी सहज चालतं, कारण स्वतःचं पाळण्यातलं रडणं कोणाला आठवत नाही, ते आईकडून किंवा मावशीकडून कळतं. वाक्य दोन्हीकडे सारखंच बांधलेलं आहे. फरक फक्त ‘तुला हे कळलं कसं?’ याचा. ‘म्हणे’ त्याच प्रश्नाचं उत्तर देतं, बाकी कशाचं नाही.

आणखी जवळून बघायचं तर उंबऱ्याशी उभे राहा. भाऊ घरात शिरताना तुम्ही पाहिलात, तर म्हणाल ‘दादा आला’. दारात त्याच्या चपला दिसल्या आणि माणूस दिसला नाही, तर म्हणाल ‘दादा आला वाटतं’. शेजारच्या काकूंनी जिन्यात सांगितलं, तर ‘दादा आला म्हणे’. चपला बघून कोणी ‘आला म्हणे’ म्हणणार नाही, आणि काकूंचं ऐकून ‘आला वाटतं’ म्हटलं तर काकूंवर फारसा विश्वास नाही असं निघतं. पाहिलेलं, खुणेवरून ताडलेलं आणि ऐकलेलं, असे हे तीन कप्पे आहेत. शाळेत हे कोणी शिकवत नाही, पण पाच वर्षांचं पोरही चुकत नाही.

काही भाषांत ही गोष्ट क्रियापदाच्या प्रत्ययातच बसलेली असते. तुर्कीत ‘गेल्दी’ म्हणजे आला, मी जाणतो. ‘गेल्मिश’ म्हणजे आला असं कळतंय. गंमत अशी की त्यांचं ‘मिश’ चपला बघूनही चालतं आणि काकूंचं ऐकूनही. आपले दोन कप्पे तिथे एकात जातात. आपल्या शेजारी कन्नडमध्ये ‘बंदनु’ म्हणजे आला आणि ‘बंदनंते’ म्हणजे आला म्हणे. वाक्याच्या शेवटी चिकटणारं ते ‘अंते’ आपल्या ‘म्हणे’च्या अगदी जवळचं आहे. तेलुगू आणि तमिळमध्येही असे शब्दांती लागणारे तुकडे आहेत. हिंदीत मात्र इतका सुटसुटीत एक शब्द नाही, ‘सुना है’ किंवा ‘कहते हैं’ असं आख्खं म्हणावं लागतं. मराठीत ‘म्हणे’ लावायची सक्ती नाही, न लावता वाक्य व्याकरणात बरोबरच असतं. पण न पाहिलेली गोष्ट ‘म्हणे’शिवाय सांगितलीत आणि ती खोटी निघाली, तर ‘तू बघितलंस का?’ हे ऐकून घ्यावं लागतं.

आता जागेचं. ‘म्हणे’ वाक्यात कुठे बसतं त्यावर सूर बदलतो.

“तो नोकरी सोडतोय म्हणे.” ही बातमी. ऐकली तशी दिली.

“तो म्हणे नोकरी सोडतोय!” आता सांगणाऱ्याच्या भुवया वर गेल्या आहेत.

“म्हणे नोकरी सोडतोय!” ही थट्टा, किंवा सरळ अविश्वास. याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘काय तर म्हणे’. ‘तीनशे रुपये उसने मागितले, तर काय तर म्हणे, पाकीट घरी राहिलं!’ इथे ऐकीव काहीच नाही, समोरच्याने तोंडावर सांगितलेलं आहे. ऐकणाऱ्याने ते खरं मानलेलं नाही, एवढंच ‘म्हणे’ सांगतंय. मला वाटतं ‘जबाबदारी माझी नाही’ इथून ‘माझा विश्वास नाही’ इथपर्यंतचं अंतर फार नाही. शब्द पुढे सरकत गेला की तो ते अंतर चालून जातो.

प्रश्नातही तो येतो आणि तिथे फार कामाचा असतो. ‘तू नोकरी सोडलीस म्हणे?’ हा प्रश्न विचारणारा आपलं काही सांगत नाही, कोणाचं नावही घेत नाही, आणि समोरच्याला नाही म्हणायला वाट मोकळी ठेवतो. ‘तू नोकरी सोडलीस?’ यात ती वाट नाही. चौकशी करायची पण चोंबडेपणा दिसू द्यायचा नाही, तेव्हा मराठी माणूस नेमका हाच शब्द काढतो.

आता भाषांतराचं. मी कोर्टाची कागदपत्रं मराठीतून इंग्रजीत करून देतो. खालच्या कोर्टात साक्ष मराठीत झालेली असते, अपील वर गेलं की तिचं इंग्रजी लागतं. सुरुवातीच्या वर्षांत बांधाच्या भांडणाचा एक दावा आला होता. साक्षीदार बाई, वादीची भावजय. तिच्या सरतपासणीतलं वाक्य साधारण असं होतं (नाती आणि तपशील बदलून सांगतोय):

“सोमवारी रात्री ते ट्रॅक्टर घेऊन आले म्हणे, नांगर लावला आणि आमचा बांध कोरला. सकाळी बघितलं तर निम्मा बांध गेलेला.”

मी ‘म्हणे’ सोडून दिलं. बोलण्यातला पालुपदासारखा शब्द असेल, असं वाटलं. इंग्रजीत वाक्य झालं: ते सोमवारी रात्री ट्रॅक्टर घेऊन आले, नांगरलं आणि बांध कोरला. छान, सुटसुटीत. आणि बाई एका फटक्यात प्रत्यक्षदर्शी झाल्या.

वकिलांनी मूळ मराठीशी ताडून पाहिलं आणि कागद परत पाठवला. त्यांनी उलटतपासणीच्या पानावर बोट ठेवलं होतं. तिथे बाईंना विचारलं होतं, ट्रॅक्टर तुम्ही पाहिला का? उत्तर होतं, “मी कशी बघणार, मी माहेरी होते. पहाटेच्या एसटीनं आले.” म्हणजे माझ्या इंग्रजीत साक्षीदार आधी डोळ्यांनी पाहते आणि दोन पानांनंतर माहेरी असते. मराठीत ती कुठेच खोटं बोललेली नाही. ‘म्हणे’ लावून तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं होतं की हे ऐकलेलं आहे. विसंगती मी तयार केली होती.

हे कोर्टात क्षुल्लक का नाही तेही सांगतो. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, पाहिलेल्या गोष्टीबद्दल पाहणाऱ्यानेच सांगितलं पाहिजे, हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 60 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी नियम तोच राहिला. बाईंच्या बोलण्यातला ट्रॅक्टर ऐकीव आहे. गेलेला बांध तिने पाहिलेला आहे. एकाच दमात सांगितलेल्या या दोन गोष्टींची किंमत कायद्यात वेगळी आहे, आणि त्यांच्यामधली रेघ फक्त ‘म्हणे’ने आखली होती.

त्या वाक्यात आणखी एक गाठ आहे, ती मला नंतर दिसली. ‘म्हणे’ फक्त ‘आले’ला लागलंय. ‘नांगर लावला’ आणि ‘बांध कोरला’ यांना ते स्वतंत्रपणे लागलेलं नाही. मग ते पाहिलेलं म्हणायचं का? बोलण्यात तसं नसतं. पहिल्या क्रियापदाला एकदा ‘म्हणे’ लावलं की सलग येणारी पुढची सगळी हकिकत त्याच्या छत्राखाली जाते. दर वाक्याला ‘म्हणे’ लावणारा माणूस थट्टा करतोय असं वाटतं. छत्र कुठे संपतं तर जिथे बोलणारा स्वतः हकिकतीत शिरतो तिथे. इथे ते ‘सकाळी बघितलं तर’ वर संपलं. पण लेखी कागदावर हे छत्र दिसत नाही, आणि विरुद्ध बाजूचा वकील खुशाल म्हणू शकतो की नांगर लावताना तरी तुम्ही पाहिलंत. अशा वेळी भाषांतरकाराने स्वतः ठरवू नये. मी आता पहिल्या क्रियापदापाशी ‘मला सांगण्यात आलं की’ या अर्थाचं इंग्रजी घालतो, पुढची क्रियापदं त्याच वाक्यात ठेवतो, मध्ये पूर्णविराम देत नाही, आणि समासात पेन्सिलने ‘म्हणे एकदाच’ असं लिहून वकिलांकडे पाठवतो.

तुमचं भाषांतर कोर्टाचं नसून कथेचं किंवा सबटायटलचं असेल, तर जागा बघून ठरवा. शेवटी आलेल्या ‘म्हणे’ला ‘आय हिअर’ किंवा ‘अपॅरन्टली’ पुरतं. सुरुवातीच्या ‘म्हणे’ला ‘अपॅरन्टली’ फार सभ्य पडतं, तिथे ‘सपोज्डली’ किंवा नुसता उपरोधाचा सूर. ‘काय तर म्हणे’ला मला आजवर समाधानकारक इंग्रजी मिळालेलं नाही, मी ते वाक्य मोडून पात्राला खांदे उडवायला लावतो.