आठाचे पावणेअकरा लाख कसे झाले?

"मॅडम, मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी आठ लाखांचं कर्ज काढलं. एक रुपयाही जास्त उचलला नाही. आता बँक म्हणते १० लाख ८० हजार बाकी आहे आणि हप्ता १४,२७२. शिकताना हप्ता नव्हता, मग व्याज कुठून आलं? आमची फसवणूक झाली का?"

काका पिशवीतून मंजुरीपत्र काढून बसले होते. पाचव्या वर्षीही घडी न मोडलेला कागद. मोरॅटोरियम म्हणजे हप्ता थांबतो, व्याज नाही, हे वाक्य त्यातच होतं, पण त्यांना ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण दर महिन्याला असं एक तरी घर माझ्यासमोर येतं.

आम्ही कागदावर मांडलं. दरवर्षी सुरुवातीला दोन लाख, दर १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक, अशी पाच वर्षं हप्ता नाही. पहिल्या दोन लाखांवर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. एकूण चौदा वेळा वीस हजार, म्हणजे २ लाख ८० हजार. पहिला हप्ता सुरू होताना तेवढं मुद्दलात मिसळणार आणि मग व्याजावरही व्याज बसणार. मुद्दल आठच लाख राहिलं असतं तर दहा वर्षांसाठी हप्ता १०,५७२ पडला असता.

मग मी खातेउतारा पाहिला, कारण फसवणुकीची शंका तिथेच फिटते. या काळात सरळव्याज लागलं होतं, मंजुरीपत्रातही तसंच होतं. दरमहा चक्रवाढ लागलं असतं तर बाकी सुमारे ११ लाख ४० हजार दिसली असती. तुमचा आकडा असा वर सरकलेला दिसला, तर मंजुरीपत्रातली अट दाखवून बँकेला लेखी विचारा.

"मग आता काय करू?" काकांनी विचारलं. पहिल्या हप्त्याला दोन महिने होते. घरात एक लाखाची ठेव होती. ती व्याज मुद्दलात मिसळण्याआधीच भरा, म्हटलं. त्याने बाकी ९ लाख ८० हजारांवर आली आणि हप्ता १२,९५१ झाला. मुलीला पुण्यात हाती २८ हजार मिळतात, खोलीभाडं वेगळं, म्हणून हे तेराशे रुपये मोठेच.

बँकेने पंधरा वर्षांचाही पर्याय दिला होता. पूर्ण बाकीवर तो हप्ता ११,६०६ दिसतो, पण एकूण फेड सुमारे पावणेचार लाखांनी वाढते. मी दहाच वर्षं सुचवली.

धाकटा पुढच्या वर्षी बारावीला आहे. त्याच्या कर्जात पहिल्या वर्षी महिन्याला साधारण १,६६७ रुपये व्याज भरत राहायचं, असं काकांनी त्याच मंजुरीपत्राच्या मागे पेनने लिहून घेतलं. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात सूट देतात, तेही विचारायचं त्यांनी खाली लिहिलं.