सहा पानांच्या हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टमधून स्टेज आणि मार्जिनचा अर्ध्या पानाचा सारांश कसा काढावा?

प्रश्न: मी जळगावला सर्जरीत रेसिडेंट आहे. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचा सहा पानी रिपोर्ट ट्युमर बोर्डासाठी अर्ध्या पानात आणायचा असतो. मी शेवटचं ‘इंप्रेशन’ उतरवून घेतो, पण दर वेळी काहीतरी सुटतं. तुम्ही काय घेता, काय सोडता?

उत्तर:

सुटतं ते इंप्रेशनवर भरवसा ठेवल्यामुळेच. गालाच्या कॅन्सरमध्ये सर्जन बऱ्याचदा जबड्याचा तुकडाही काढतो. हाड कडक असल्यामुळे ते आधी आम्लात मऊ करावं लागतं, त्याशिवाय काप निघत नाहीत. त्याला काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे लागतात. मऊ भागाचा रिपोर्ट तोवर निघून जातो आणि त्यात एक ओळ असते, ‘हाडाचे काप डिकॅल्सिफिकेशनमध्ये, पुरवणी रिपोर्ट नंतर’. पेशंट टाके काढून चोपड्याला किंवा शहाद्याला घरी गेलेला असतो आणि पुरवणीचा कागद लॅबच्या खणात पडून राहतो. म्हणून वाचायला सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी बघा. पानांवर ‘६ पैकी ३’ असे आकडे असतात, ते सगळे हाती आहेत का? व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंत मधलं पान हमखास गळतं. आणि पुरवणी आली आहे का? आली नसेल तर सारांशात T च्या पुढे ‘तात्पुरता, हाड बाकी’ असं लिहा. T तसाच कोरा सोडू नका आणि पक्काही करू नका.

आता एक नमुना घेऊ, म्हणजे काय घ्यायचं ते कळेल. पेशंट ५२ वर्षांचा, डाव्या बाजूचा गाल आणि खालची हिरडी, सोबत मानेच्या डाव्या बाजूचे लिंफ नोड काढलेले. ग्रॉसमध्ये ट्युमर ३.२ × २.४ सेमी. मायक्रोस्कोपीत स्क्वेमस सेल कार्सिनोमा, मध्यम डिफरन्शिएटेड. पुढे ‘ट्युमर थिकनेस १४ मिमी, डेप्थ ऑफ इन्व्हेजन ९ मिमी’. पहिली चूक इथे होते, कारण दोन्ही आकडे एकाच ओळीत असतात आणि हात मोठ्या आकड्याकडे जातो. थिकनेस ट्युमरच्या वरच्या पृष्ठभागापासून मोजतात, म्हणजे बाहेर फुगलेला भागही त्यात धरला जातो. डेप्थ मोजताना शेजारच्या निरोगी म्यूकोसाच्या बेसमेंट मेंब्रेनची पातळी धरतात आणि तिथून सरळ खाली, सर्वांत खोल पेशीपर्यंत मोजतात. AJCC च्या आठव्या आवृत्तीत तोंडाच्या कॅन्सरच्या T साठी डेप्थच लागते. २ ते ४ सेमीचा ट्युमर आणि डेप्थ १० मिमीपर्यंत असेल तर pT2. डेप्थ १० च्या वर गेली तर pT3. १४ हा आकडा उचलला तर ट्युमर उगाच pT3 होतो. रिपोर्टात नुसती थिकनेस असेल तर तिचीच डेप्थ करून टाकू नका, पॅथॉलॉजिस्टला डेप्थ विचारा.

आपल्या नमुन्यात मुख्य रिपोर्ट pT2 वर थांबला. दहा दिवसांनी पुरवणी आली: ‘ट्युमर मॅन्डिबलच्या कॉर्टेक्समधून आरपार जाऊन मॅरोमध्ये शिरलेला, हाडाची पुढची व मागची कापलेली टोकं ट्युमरमुक्त’. एवढ्या एका वाक्याने pT2 चा थेट pT4a झाला. इथे शब्द नीट वाचा. हिरडीचा ट्युमर हाडाला वरवर झिजवतो किंवा दाताच्या खोबणीत उतरतो, तेवढ्याने T4 होत नाही. कॉर्टेक्स ओलांडलेला असायला हवा. ‘बोन इरोजन’ एवढंच लिहिलं असेल तर तो प्रश्न लॅबचा आहे, तुमच्या अंदाजाचा नाही.

नोडच्या भागात बहुतेक पानं लेव्हलवार आकड्यांनी भरलेली असतात: लेव्हल एक-बीमध्ये ६, दोनमध्ये ११, तीनमध्ये ९ असं. सारांशात एकच बेरीज द्या आणि पॉझिटिव्ह कुठल्या लेव्हलचा ते सांगा. नमुन्यात ३४ पैकी १ पॉझिटिव्ह, लेव्हल एक-बी, आकार १.८ सेमी. इथे सवयीने pN1 लिहिलं जातं. पण दोन पानं मागे, मायक्रोस्कोपीच्या परिच्छेदात एक अर्धं वाक्य आहे: ‘कॅप्सूलबाहेर १.५ मिमी विस्तार’. हे एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन, म्हणजे ENE. विस्तार २ मिमीच्या आत असला तर त्याला किरकोळ म्हणतात, पण N ठरवताना किरकोळ आणि मोठा असा भेद नाही. ३ सेमीपर्यंतचा त्याच बाजूचा एकच नोड आणि ENE असेल तर pN2a. एकाहून जास्त नोड पॉझिटिव्ह असून त्यांतल्या एकातही ENE असेल तर तो pN3b. रेसिडेंट आणखी एका ठिकाणी फसतात. ऑपरेशनआधी तपासणीतच ENE उघड दिसत असेल तर क्लिनिकल स्टेज cN3b धरतात, त्यामुळे त्याच पेशंटचा c आणि p वेगळा येऊ शकतो. दोन्ही बरोबर असतात, म्हणून N च्या आधीचं c किंवा p हे अक्षर गाळू नका. ऑपरेशनआधी केमो दिली असेल तर मात्र p च्या जागी yp येतो.

M बद्दल थोडक्यात: pM0 असं काही लिहायचं नसतं. दूर कुठे पसरल्याचं तपासणीत आणि स्कॅनमध्ये दिसलं नसेल तर cM0.

आता मार्जिन, जिथे सर्वांत जास्त घोळ होतो. रिपोर्टात मार्जिन तीन ठिकाणी येतात आणि ते जुळत नाहीत. ग्रॉसमध्ये डोळ्यांनी मोजलेलं अंतर असतं, मायक्रोस्कोपीत स्लाइडवर मोजलेलं, आणि शेवटी ‘अतिरिक्त मार्जिन’ म्हणून वेगळ्या डब्यांत आलेले तुकडे. नमुन्यात खोल मार्जिन ग्रॉसला १ सेमी आहे, स्लाइडवर ३ मिमी. सारांशात स्लाइडचाच आकडा येतो, कारण ट्युमर डोळ्यांना दिसतो त्याच्या पुढे पेशींच्या रेषा गेलेल्या असतात. नुसतं ‘मार्जिन फ्री’ तर कधीच लिहू नका. ५ मिमी किंवा जास्त असेल तर साफ, १ ते ५ च्या मधे असेल तर जवळचा, आणि शाईवर ट्युमर किंवा १ मिमीच्या आत असेल तर पॉझिटिव्ह, अशी बहुतेक ठिकाणी विभागणी असते. तुमचं बोर्ड कोणती वापरतं ते बघा, पण मिलिमीटरचा आकडा लिहिलात की विभागणीवरून वाद होत नाही. मार्जिनवर ट्युमर नसून डिस्प्लेजिया असेल तर तेही वेगळं लिहा. तंबाखू-गुटख्याच्या तोंडात ते वारंवार सापडतं, त्याचा अर्थ ट्युमर उरला असा होत नाही, पण गाळण्यासारखंही नसतं.

वेगळ्या डब्यांतल्या तुकड्यांचं कोडं असं. नमुन्यात मुख्य स्पेसिमेनवर मागचा म्यूकोसल मार्जिन २ मिमी. सर्जनने तिथूनच आणखी एक तुकडा घेतला, तो ट्युमरमुक्त. काही जण २ मध्ये तुकड्याची ६ मिमी जाडी मिळवून ‘८ मिमी’ लिहितात. तसं करू नका. तुकडा नेमका त्याच जागेचा होता आणि त्याची बाहेरची बाजू कोणती, हे कागदावरून सिद्ध होत नाही. ‘मुख्य स्पेसिमेनवर २ मिमी, अतिरिक्त तुकडा ट्युमरमुक्त’ असं दोन्ही लिहा, निर्णय बोर्ड घेईल. खोल मार्जिनला अतिरिक्त तुकडा नाही, तर तेही लिहा. खोल मार्जिन म्यूकोसलच्या गर्दीत हरवू देऊ नका. बक्कल फॅटच्या बाजूला ट्युमर जवळ राहतो तो याच ठिकाणी.

एवढं झालं की सारांश असा दिसतो:

```
डावा गाल व खालची हिरडी, स्क्वेमस सेल कार्सिनोमा, मध्यम
आकार ३.२ सेमी, डेप्थ ९ मिमी; मॅन्डिबलचा कॉर्टेक्स पार, मॅरोत
नोड १/३४, लेव्हल एक-बी, १.८ सेमी, ENE आहे (१.५ मिमी)
pT4a pN2a cM0, स्टेज IVA (AJCC ८)
मार्जिन, मिमी: पुढचा ८, वरचा ७, खालचा ६, मागचा २, खोल ३
मागचा अतिरिक्त तुकडा मुक्त; खोलला अतिरिक्त नाही
हाडाची दोन्ही टोकं मुक्त
पेरिन्यूरल आहे, लिंफोव्हॅस्क्युलर नाही
मुख्य + पुरवणी रिपोर्ट, दोन्ही पाहिले
```

इंप्रेशनवर थांबला असता तर यातूनच pT2 pN1, म्हणजे स्टेज III निघाली असती. ENE हरवलं असतं तर नुसतं आकडेवारीचं नुकसान नव्हतं. ENE किंवा पॉझिटिव्ह मार्जिन असेल तर ऑपरेशननंतरच्या रेडिएशनसोबत केमो द्यायची का, हा प्रश्न बोर्डापुढे येतो. जवळचा मार्जिन एकटाच असेल तर तो विचार वेगळा असतो, म्हणून ‘जवळचा’ला सारांशात ‘पॉझिटिव्ह’ म्हणू नका. रेडिएशन ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हावं असं धरतात. पुरवणीची वाट बघण्यात त्यातले दोन गेले तर उरतं किती, तेही लक्षात ठेवा. हाड बाकी असलं तरी बोर्डाला पेशंट दाखवायला हरकत नाही.

सोडायचं काय, तर ग्रॉसची बाकीची मापं, कॅसेटची यादी, स्नायू आणि लाळग्रंथींचं वर्णन, निगेटिव्ह लेव्हलचे सुटे आकडे. एक शब्द मात्र मराठीत लिहिताना जपा. आपल्याकडे ट्युमरही ‘गाठ’ आणि नोडही ‘गाठ’. नातेवाईक ‘गाठ पुरी निंघनी का?’ असं विचारतात तेव्हा त्यांना ट्युमर म्हणायचा असतो, पण कागदावर ‘एक गाठ पॉझिटिव्ह’ वाचून ते ‘निघाली नाही’ असं समजतात. म्हणून ट्युमर आणि नोड हेच शब्द वापरा.

इंप्रेशन आणि मायक्रोस्कोपी एकमेकांशी जुळत नसतील, म्हणजे वर ‘ENE नाही’ आणि आत ‘कॅप्सूल ओलांडलेली’, तर कोणतं बरोबर हे तुम्ही ठरवू नका. लॅबला फोन करा आणि दुरुस्त रिपोर्ट मागा. तोंडी उत्तर सारांशात लिहिलंच तर कोणी, कोणत्या तारखेला सांगितलं ते सोबत लिहा. आणि शेवटच्या ओळीत लॅबचा रिपोर्ट नंबर आणि पॉझिटिव्ह ब्लॉकचे नंबर टाका. भुसावळहून गाडी धरून पेशंट मुंबईला रिव्ह्यूसाठी निघतो तेव्हा तिथे ब्लॉकच मागतात, आणि नेमका कोणता ब्लॉक न्यायचा हे तुमच्या कागदावर असेल तर त्याची एक फेरी वाचते.