आधी ओल्यातलं ब्रेकिंग बघ

गाडी रत्नागिरीतच फिरणार ना? मग टायरांच्या चाचणीच्या तक्त्यात आवाजाचा रकाना शेवटी वाच. तो बरेचदा रस्त्याकडेला मोजलेला असतो, गाडीच्या आतला नव्हे. आधी ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग. समज, ताशी 80 किलोमीटरवरून एक टायर 30 मीटरमध्ये थांबला, दुसरा 34 मध्ये. चार मीटर किरकोळ वाटतात, पण पहिली गाडी थांबते तिथे दुसरी अजून ताशी 27 च्या आसपास धावत असते. पुढे एसटी उभी असली तर धडकलीच! रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना होणारा विरोध, कमी असला की पेट्रोल वाचतं, मान्य. पण त्यात पहिला आलेला टायर ओल्यात मागे पडलाय का, तेवढं ताडून बघ. चाचणीतल्या टायरचा साइज आपल्या गाडीचाच हवा. आणि हे आकडे बहुधा नव्या टायरचे असतात, झिजल्यावर पावसात अंतर वाढतं.