झोपून न जाणारा थकवा

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवाळीला 8 दिवस घरी होतीस, पोटभर झोपलीस, आणि बँकेच्या शाखेत परतल्यावर तिसऱ्याच दिवशी पुन्हा तसंच झालं, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मीही एकदा रजा काढून तोरणमाळला गेलो होतो. तळ्याकाठी बसून वसुलीची यादी आठवत होतो.

आपल्या रावेर-यावलकडे विहीर आटली की मोटर बंद ठेवतात. रात्रभरात पाणी साचतं, सकाळी पुन्हा उपसा सुरू. पण भूजलच खोल गेलं की रात्रभर बंद ठेवूनही अर्धा तास पाणी येतं, मग मोटर हवा ओढते. तुझी रजा अशी झाली आहे. दिवसभर राबून आलेला थकवा झोपेने भरून निघतो. हा वेगळा आहे, याला बर्नआउट म्हणतात, कारण ज्यामुळे तो येतो ते रजेत थांबत नाही, आणि परतल्यावर जसंच्या तसं समोर उभं असतं.

क्रिस्टिना मॅस्लॅक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 मध्ये हे मोजण्याची प्रश्नावली केली. त्यात तीन गोष्टी पाहतात: भावनेने रितं होणं, माणसांपासून तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिली आपल्याला कळते. दुसरी कळत नाही, म्हणून ती सांगतो. एका दुपारी एक म्हातारे शेतकरी 'राम राम साहेब' म्हणाले आणि मी मान वर न करता विचारलं, "खातं नंबर?" ते गेल्यावर शिपाई माझ्याकडे बघत राहिला. मला वाटायचं मी व्यवहारी झालोय. खरं तर आत काही उरलंच नव्हतं म्हणून दार लावून घेतलं होतं. तू लिहिलंस की आता शेतकरी रडला तरी तुला काही वाटत नाही आणि त्याची लाज वाटते. तू निष्ठुर झालेली नाहीस. जे उरलंय ते जपायला मन असं करतं.

मी पुढे काय केलं ते सांगतो. एक वही घेतली, 12 दिवस रोज रात्री तीन रकाने भरले: काय काम केलं, किती वेळ लागला, आणि निर्णय माझ्या हातात होता का. मला वाटत होतं की फायलींनी मारलं. वहीत वेगळंच निघालं. 11 तासांच्या दिवसात फायलींचे 6 तास होते, त्यांनी पाठ दुखायची, मन नाही. मन मारायचे ते दुपारचे 2 तास: केळीच्या विम्याचे पैसे का आले नाहीत, हे विचारायला लोक यायचे. पैसे अडले होते वर कुठेतरी. शिव्या मला, आणि 'नाही' म्हणण्यापलीकडे हातात काही नाही.

मग वरिष्ठांकडे 'काम जास्त आहे' असं म्हणत गेलो नाही, तसं सगळेच म्हणतात. वही घेऊन गेलो आणि तीन गोष्टी मागितल्या. विम्याची चौकशी फक्त मंगळवार-गुरुवार, आणि त्याआधी अडलेल्या प्रकरणांची यादी वरून शाखेत यावी. वसुलीच्या फेऱ्यांना आलटून पालटून दुसरा अधिकारी. संध्याकाळी 7 नंतर फोन नाही. पहिली मिळाली, दुसरी अर्धी, तिसरीला साहेब हसले. 'राम राम'ला मान वर व्हायला तरी 4 महिने लागले. यादी हातात असली की 'नाही'च्या जागी 'तुमचं अमुक टप्प्यावर आहे' म्हणता यायचं, फरक तिथे पडला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलंय. म्हणूनच गोळी किंवा योगवर्ग एवढ्याने भागत नाही, कामात काहीतरी हलावं लागतं. काहीच हलत नसेल, तर बदली मागण्यात कमीपणा मानू नकोस.

एक मात्र आधी तपास. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 बघून घे, तो थकवाही असाच दिसतो. आणि सुट्टीतही, कामाचा विषय नसतानाही, जेवण, गाणी, भाची, कशातच जीव रमत नसेल, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. वहीत वेळ घालवू नकोस, डॉक्टरकडे जा. जगू नये असं एकदाही मनात आलं तर त्याच वेळी घरच्यांना सांग, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 वर फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

वही उद्यापासून सुरू कर. मला फक्त तिसरा रकाना वाचून दाखव, पहिले दोन तुझ्या साहेबांसाठी.

रविवारी मळ्यात भरीत आहे, तुझी काकू कळण्याच्या भाकरी करणार आहे. झेपलं तर ये, नाही झेपलं तर डबा पाठवतो.

तुझा,
काका