वडिलांच्या नावचा प्लॉट विकायचाय, वारसात धाकटा भाऊ १५ वर्षांचा आहे. आई सही करायला तयार आहे, तरी गिऱ्हाईक कोर्टाची परवानगी मागतंय. खरंच लागते का?

लागते. आणि गिऱ्हाईक शहाणं आहे, त्याच्यावर चिडू नका.

आमच्याकडे हाच तमाशा झालाय. पाथर्डी फाट्याजवळ वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला प्लॉट होता, ते गेले तेव्हा मी नववीत आणि बहीण माझ्याहून लहान. वारस चौघं, आजी, आई आणि आम्ही दोघं, प्रत्येकी पाव हिस्सा. उताऱ्यावर आमच्या नावापुढे 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञानांची पालनकर्ती आई, असं लागलं आणि तेवढ्यावरच आमच्या काकांनी सौदा ठरवून टाकला, २४ लाखांत. "आईपेक्षा कोर्ट मोठं का?" हे त्यांचं वाक्य अजूनही दर लग्नकार्यात ऐकून घेतो आम्ही. अहो काका, त्या नोंदीने आई सांभाळणारी होते, हिस्सा पोरांचाच राहतो.

आई अडून बसली आणि जिल्हा न्यायालयात अर्ज केला. तिथे विचारतात ते साधंच असतं, विकायची गरज काय, भाव बरोबर आहे का, आणि पोरांच्या वाट्याचे पैसे जाणार कुठे. पहिल्या दोनला उत्तरं होती, शेजाऱ्याने कंपाउंड आत सरकवलेलं, आमच्या फिया थकलेल्या, आणि व्हॅल्युएशन रिपोर्ट जोडलेला. तिसऱ्याला मात्र काकांची पंचाईत झाली, कारण त्यांच्या डोक्यात सगळी रक्कम त्यांच्या दुकानात फिरवायची होती, "व्याज देतो ना" म्हणे! कोर्टाने परवानगी दिली पण आमचे १२ लाख आमच्या नावावर एफडीत, फक्त व्याज फीसाठी काढायचं, मुद्दल सज्ञान होईपर्यंत हलवायचं नाही. बहिणीचं इंजिनिअरिंग त्यातून झालं. परवानगी कशाला लागते याचं उत्तर मला तरी तिथेच मिळालं.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ हेच सांगतं, अज्ञान म्हणजे १८ खालच्या वारसाची गरज किंवा उघड फायदा असल्याशिवाय परवानगी नाही. परवानगीशिवाय खरेदीखत केलं तर ते आपोआप बाद होत नाही, पण तुमचा भाऊ १८ चा झाल्यावर ३ वर्षांत दावा लावून ते रद्द करून घेऊ शकतो. म्हणजे आज १५, तर गिऱ्हाईकाच्या डोक्यावर ६ वर्षं टांगती तलवार. नंतर विकायला गेला तर पुढचा वकीलही सर्च रिपोर्टमध्ये हेच काढणार. आणि काका-आजोबांनी पालक म्हणून सही करायचा तर प्रश्नच नाही, आई असताना ते नैसर्गिक पालक नाहीतच.

हां, एक राहिलं. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची, न वाटलेली असेल आणि कर्ता विकत असेल तर हे कलम ८ लागत नाही, तिथे हिशोब वेगळा. आमच्या काकांनी नेमकं तेच कुठूनतरी ऐकलेलं आणि वडिलांच्या स्वकष्टाच्या प्लॉटला चिकटवलेलं. तेव्हा तुमचा प्लॉट वडिलांनी कुठल्या पैशातून घेतला ते जुन्या खरेदीखतावरून आधी वकिलाला दाखवा.